शेवटच्या फेरीचं बोलावणं

‘शुक्रवारी पॅनेलसमोर प्रेझेंटेशन द्या’ एवढीच ओळ आली, तर उमेदवार रात्र जागून चाळीस स्लाइड घेऊन येतो. मर्यादा बोलावण्याच्या मेलमध्येच हवी. समजा, दुकानांना माल पुरवणाऱ्या कंपनीला विक्री व्यवस्थापक हवा आहे. मग असं लिहावं: ‘सोबतच्या तक्त्यात एका जिल्ह्याची सहा महिन्यांची विक्री आहे. ती का घटली आणि आधी काय कराल, हे १० मिनिटांत, ५ स्लाइडमध्ये सांगा. पुढची २० मिनिटं प्रश्नांची. तयारीला तीन तास पुरेत.’ पॅनेलवर कोण, कोणत्या हुद्द्यावर, हेही कळवावं. हिशेब बघणारा वेगळं विचारतो, विक्रीप्रमुख वेगळं. तक्ता काल्पनिक असावा. आपल्याकडून फुकटात काम करून घेतलं जातंय, अशी शंका आली की चांगली माणसं मागे फिरतात, आणि ते रास्तच आहे.