वाईचा पाऊस वाढला का?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये मी दोन-तीन कॉलेजांत एक्स्टर्नल म्हणून जातो. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट घेऊन समोर बसतात, आणि गेली काही वर्षं त्यातले निम्मे विषय हवेचे नाहीतर पावसाचे असतात. कारण सरळ आहे: आकडे फुकट मिळतात. एकदा एका मुलाने मोठ्या आत्मविश्वासाने आलेख दाखवला, त्यात एका वर्षाचा पाऊस उणे होता. मी विचारलं, "हा पाऊस वर गेला का रे?" तो हसला, मग गप्प झाला. त्याच्या फाइलमध्ये ज्या ठिकाणचा आकडा नाही तिथे -999 लिहिलेलं असतं, आणि त्याने तेही बेरजेत धरलं होतं. ही चूक निदान दिसते तरी. खरी अडचण न दिसणाऱ्या चुकांची आहे.

हवेबद्दल एकच सांगून पुढे जातो. पुण्या-मुंबईतल्या हवेचा कल शोधायला अनेकांना आवडतं, पण त्या आकड्यांना वय कमी आहे. जुन्या पद्धतीच्या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस नमुना घेत, म्हणजे वर्षाला फार तर १०४ दिवस. ज्याची आज सगळीकडे चर्चा असते तो पीएम २.५ हा अतिसूक्ष्म धुळीचा घटक देशाच्या मानकांत आला २००९ साली. त्यामुळे 'तीस वर्षांतला पीएम २.५' असा विषय कोणी आणला तर मी आधी विचारतो, पहिली पंधरा वर्षं कुठून आणलीस? पावसाचं तसं नाही. भारतीय हवामान खात्याने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकोनांत मांडून खुला ठेवला आहे. देशावर पाव अंशाची जाळी टाकली आहे, म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटर बाजूचा एकेक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला दर दिवसाचा एक आकडा.

आता वाईचं उदाहरण घेऊ. एका मुलीने हाच विषय आणला होता: आमच्या तालुक्यात मुसळधार पावसाचे दिवस वाढले का? प्रश्न उत्तम. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर त्याला जोरदार पाऊस म्हणतं. मग काम सोपं वाटतं: वाईच्या जवळचा जाळीबिंदू घ्यायचा, दर वर्षी असे दिवस किती ते मोजायचे आणि ती संख्या वाढतेय का पाहायचं. संगणकाला एवढंच सांगावं लागतं:

```python
import imdlib as imd
import pymannkendall as mk

data = imd.get_data('rain', 1951, 2020,
                    fn_format='yearwise', file_dir='imd')
rain = data.get_xarray()['rain']
wai = rain.sel(lat=18.0, lon=74.0, method='nearest')
wai = wai.where(wai >= 0)
days = (wai >= 64.5).groupby('time.year').sum()
print(mk.original_test(days.values))
```

`where` असलेली ओळ त्या -999 ला बाहेर काढते. शेवटच्या ओळीत मान-केंडॉल नावाची चाचणी आहे. नाव भारदस्त असलं तरी हिशेब पोरांच्या खेळासारखा आहे. समजा पाच वर्षांत असे दिवस ३, ५, २, ६, ४ होते. प्रत्येक वर्षाची त्याच्या पुढच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावायची. पुढचं मोठं असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक. दहा जोड्या होतात; सहा वाढीच्या, चार घटीच्या. बेरीज अधिक दोन. एवढ्याशा फरकावरून कल आहे असं कोणी म्हणणार नाही, कारण हेच पाच आकडे पत्त्यांसारखे पिसले तरी एवढी बेरीज सहज येते. सत्तर वर्षं घेतली की २,४१५ जोड्या होतात आणि मग बेरजेला वजन येतं. मुलं याऐवजी सरळ रेषा आखतात. त्यात शेवटाकडचं एखादं अचाट वर्ष सगळी रेषा वर ओढून नेतं. जोड्यांच्या मोजणीत त्या वर्षाला इतरांइतकंच मत असतं.

सुरुवातीचं वर्ष हाही असाच एक सापळा. महाराष्ट्रात १९७२ पासून आलेख सुरू केला तर पाऊस वाढलाच दिसणार. दुष्काळाच्या तळातून सुरू झालेली रेषा जाणार कुठे? म्हणून सुरुवात दहा वर्षं मागेपुढे करून उत्तर टिकतं का ते पाहायचं. शिवाय कोणी छत्तीसही जिल्ह्यांवर चाचणी लावून 'दोन जिल्ह्यांत वाढ सापडली' असं लिहिलं, तर शंभरात पाच चुकांची मुभा देणाऱ्या चाचणीत तेवढे जिल्हे काहीही न घडता सापडतात.

त्या मुलीने हे सगळं नीट केलं होतं. माझा प्रश्न वेगळा होता: ६४.५ हा आकडा वाईला लागू आहे का? नकाशावर पाहा. महाबळेश्वरला सर्वांत जवळचा जाळीबिंदू ७३.७५ रेखांशाचा, वाईला ७४.० चा, अक्षांश दोघांचा १८. म्हणजे ही दोन गावं शेजारशेजारच्या चौकोनांत आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाट उतरून वाईत आलात की हजाराच्या आत. जुलैत महाबळेश्वरला ६४.५ म्हणजे नेहमीचा दिवस. वाईत तेवढा पाऊस झाला तर कृष्णेच्या घाटावर माणसं पाणी बघायला जमतात. वाईच्या यादीत मग शून्यं आणि एक्केच येतात आणि चाचणीला धरायला काही उरत नाही. त्यापेक्षा त्या जागेचा स्वतःचा उंबरठा काढावा: २.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाचे सगळे दिवस उतरत्या क्रमाने लावायचे आणि शंभरातले वरचे पाच दिवस ज्या आकड्याच्या पुढे येतात तो आकडा घ्यायचा. वाईसाठी जोरदार पाऊस तो.

पण या दोन शेजाऱ्यांनी त्याहून अवघड प्रश्न उभा केला. चौकोनाचा आकडा येतो कुठून? चौकोनात कोणी बादली ठेवलेली नाही. आजूबाजूच्या पर्जन्यमापकांचे आकडे घेऊन, जवळच्याला जास्त वजन देऊन, त्यांची सरासरी त्या बिंदूवर मांडतात. पर्जन्यमापक घाटमाथ्यावर आहे की पायथ्याला, यावर सगळं ठरतं. याचं सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचं. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदला गेला, कुलाब्याला ७४. शहर एकच. चौकोनांच्या फाइलमध्ये ९४४ शोधायला गेलात तर मिळणार नाही. सरासरीत शिखर झिजतं. आणि २६ तारखेलाही शोधू नका, कारण खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे तो पाऊस २७ च्या खात्यावर पडतो.

शिखर दरवर्षी सारखंच झिजत असतं तर कलाला धक्का लागला नसता. ते सारखं झिजत नाही. या पाव अंशाच्या संचासाठी एकूण ६,९५५ पर्जन्यमापकांचे आकडे वापरले आहेत, पण ते सगळे सगळी वर्षं चालू नव्हते. काही नंतर बसवले, काही बंद पडले, काहींचे कागद आलेच नाहीत. समजा वाईच्या चौकोनाला शेजारचे दोनच मापक होते आणि एका दिवशी त्यांनी २० आणि ४० मिलिमीटर दाखवले. साधी सरासरी धरली तर चौकोनाला ३० मिळाले. पुढे कधीतरी चौकोनाच्या आतच तिसरा मापक बसला. तस्साच पाऊस पुन्हा पडला. या नव्या मापकाने १४० दाखवले, कारण सर त्याच्याच डोक्यावर होती. सरासरी झाली ६७. आकाशात काहीही बदललं नाही, आपल्या यादीत मात्र जोरदार पावसाचा एक दिवस वाढला. उलटही होतं: मापक बंद पडला की मुसळधार पाऊस 'कमी' होतो. आणि चाचणी बिचारी प्रामाणिकपणे सांगते की कल आहे.

हे जाणकारांना ठाऊक नव्हतं असं नाही. २००६ साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा एक गाजलेला निबंध 'सायन्स'मध्ये आला. १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिजोरदार पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या आणि हंगामाची सरासरी जवळपास तशीच राहिली, असं त्यांनी दाखवलं. त्यांनी वापरलेला संच हवामान खात्याने मुद्दाम १,८०३ केंद्रांवर बांधला होता, ज्यांचे निदान नव्वद टक्के दिवसांचे आकडे हाताशी होते. केंद्रं कमी चालतील, पण बदलती नकोत, हा त्यामागचा विचार. शिवाय त्यांनी मध्य भारताचा मोठा पट्टा एकत्र मोजला, एक तालुका नाही. तरीही केंद्रांच्या बदलत्या जाळ्याने अतिवृष्टीचे कल किती फसवे होतात यावर २०१९ मध्ये परत एक निबंध आला, आणि ही चर्चा मिटलेली नाही.

मग पदवीच्या विद्यार्थ्याने काय करायचं? फाइलमध्ये केंद्रांची संख्या दिलेली नसते, पण तिची सावली दिसते. जास्त मापक सरासरीत आले की कुठे ना कुठे भुरभुर असतेच, त्यामुळे शून्याहून थोडाही जास्त पाऊस असलेले दिवस एकदम वाढतात. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं: दर वर्षी पाऊस शून्याहून जास्त असलेले दिवस मोज आणि त्यांचा आलेख जोरदार पावसाच्या आलेखाखाली ठेव. हळूहळू बदल असेल तर हवामानाची गोष्ट असू शकते. एका वर्षात पायरी चढल्यासारखी उडी असेल आणि ती दोन्ही आलेखांत त्याच वर्षी असेल, तर मापकावर संशय घ्यायचा. मग तहसील कचेरीत जायचं. तालुक्याचा पर्जन्यमापक बहुधा तिथेच असतो आणि त्याचं रजिस्टरही. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर अलीकडच्या वर्षांचा तालुकावार पाऊस मिळतो, तोही चौकोनाशी ताडून पाहता येतो.

तिला उडी सापडली. ती काढून उडीच्या आधीची आणि नंतरची वर्षं वेगवेगळी तपासली तेव्हा दोन्हीकडे कल उरला नाही. तिने निष्कर्षात लिहिलं: या आकड्यांवरून वाईतला मुसळधार पाऊस वाढला असंही म्हणता येत नाही आणि वाढला नाही असंही नाही. तोंडी परीक्षेत एका सहपरीक्षकांना हे रुचलं नाही; प्रोजेक्टला निकाल हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या वर्षी माझ्या हातून सर्वांत जास्त गुण त्याच प्रोजेक्टला गेले.