हकिगतीची चार घरे



मी शाळेत फार दिवस गेलेलो नाही. जे लिहिणे-वाचणे आले ते युनियनच्या कचेरीत, अर्ज आणि पत्रके लिहिता लिहिता आले. त्यामुळे आज एका लेखनप्रकाराविषयी बोलायला उभा राहिलो आहे, तो साहित्यिक म्हणून नव्हे. इतरांचे मसुदे आणि त्याहून अधिक स्वतःचे मसुदे खोडून खोडून ज्याची पेन्सिल झिजली, असा एक माणूस म्हणून.

हा लेखनप्रकार म्हणजे हल्ली ज्याला ‘केस स्टडी’ म्हणतात तो. एखादे काम कसे झाले याची हकिगत, पण दुसऱ्या कोणाला ती उपयोगी पडावी अशा रीतीने मांडलेली. तिची चार घरे ठरलेली आहेत: परिस्थिती, आव्हान, कृती आणि फलित. त्यातले जे मोजके आकडे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहावेत ते ठळक करावयाचे. सांगायला इतके सोपे. पण घरे ठाऊक असूनही माणसे सामान भलत्याच घरात ठेवतात.

आमच्या अभ्यासवर्गासाठी एका तरुण कार्यकर्त्याने नऊ पानांचा मसुदा लिहून आणला. विषय होता गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कशी मिळाली. पोराने मेहनत केली होती. पहिले वाक्य होते, नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला. मग त्यांचे शिक्षण, मग नोकरी, मग सत्यशोधक समाज, मग १८८० पासून त्यांनी मुंबईहून चालविलेले ‘दीनबंधु’ पत्र, मग ‘रावबहादूर’ ही पदवी. रविवार कोठे आला? सातव्या पानावर. आणि नवव्या पानावर लेख ‘त्यांच्या कार्याला तोड नाही’ असे म्हणून संपला.

मी त्याला विचारले, “हे चरित्र आहे की हकिगत?” तो म्हणाला, “भाऊ, दोन्ही आहे.” दोन्ही असले की बहुधा एकही नीट होत नाही. चरित्रात माणूस नायक असतो; आपल्या हकिगतीत प्रश्न नायक असतो. लोखंड्यांचा जन्म सुट्टीच्या प्रश्नाला काही जोडीत नाही. ‘दीनबंधु’ जोडतो, कारण कामगारांचे गाऱ्हाणे छापून आणायला हाती पत्र होते; पण तो परिस्थितीत नव्हे, कृतीत जातो. सांगायला सांगतो, हे पटवायला मला अर्धा तास लागला.

आम्ही मसुदा मोडायला घेतला तेव्हा मी एक युक्ती केली. प्रत्येक वाक्याच्या समासात एकच अक्षर लिहायचे: प, आ, कृ किंवा फ. ज्या वाक्याला यातले एकही अक्षर बसत नाही ते वेगळ्या कागदावर उतरवून ठेवायचे, फाडायचे नाही. नऊ पानांतली पाच पाने त्या वेगळ्या कागदावर गेली. पोराचा चेहरा उतरला. पण खरी गंमत पुढेच होती: ‘आ’ हे अक्षर त्या सबंध मसुद्यात एकदाही पडले नव्हते.

हा दोष फार सार्वत्रिक आहे. परिस्थिती आणि आव्हान लोकांना एकच वाटते. गिरणी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले, आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, ही परिस्थिती झाली. ती वाईट आहे एवढ्याने ती आव्हान होत नाही. आव्हान म्हणजे, ती बदलायला निघालेल्या माणसाच्या वाटेत नेमके काय आडवे आले ते. मी तर त्याला ‘पेच’ म्हणतो. आव्हान म्हटले की लिहिणाऱ्याला छाती फुगवावीशी वाटते, पेच म्हटले की तो विचार करू लागतो.

मग त्या वेळचा पेच कोणता? १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला होता. त्याने मुलांच्या कामाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि मुलांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांविषयी तासांचे किंवा सुट्टीचे अक्षर त्यात नव्हते. म्हणजे प्रौढ कामगाराला मागणी करायला कायद्याचा आधारच नव्हता. मालकांना पटवायचे किंवा सरकारकडून नवा कायदा करून घ्यायचा, एवढ्या दोनच वाटा. त्यात मागणारे हजारो लोक अक्षरशत्रू, आणि त्यांच्यामागे आजच्या अर्थाने युनियन म्हणावी अशी, वर्गणी आणि सभासदांची वही असलेली संघटनाही नाही. हा झाला पेच. हे चार ओळींत लिहिले आणि पुढची सगळी कृती आपोआप अर्थपूर्ण झाली. सह्या कशाला गोळा केल्या, सभा कशाला भरविली, हे वाचणाऱ्याला आता विचारावे लागत नाही.

कृतीच्या घरात वेगळाच घोळ झाला. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना कमिशनपुढे ठेवला. मागण्या पाच: रविवारी पूर्ण सुट्टी; दुपारी अर्धा तास विश्रांती; सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम; मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत; आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईतो पगार, कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची सोय. कमिशन बसले, उठले. रविवार काही मिळाला नाही.

आमच्या पोराने ही पाच-सहा वर्षे एका वाक्यात गुंडाळली होती: ‘अथक प्रयत्नांनंतर अखेर यश आले.’ असे वाक्य दिसले की समजावे, येथे काही तरी झाकले आहे. बहुधा तेथे अपयश असते, आणि शिकायचे तेथेच असते. पहिला अर्ज फसला हे सांगितल्याखेरीज दुसऱ्या वेळी काय वेगळे केले ते कसे कळणार? २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले असे सांगतात. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. आणि या वेळी साप्ताहिक सुट्टीची मागणी मुख्य करून ती गिरणीमालकांच्या संघापुढे ठेवली. पाच मागण्यांची एक झाली, आणि दार सरकारचे न ठोठावता मालकांचे ठोठावले. माझ्या मते या हकिगतीचा गाभा तो आहे.

म्हणून आम्ही १८८४ चा अर्ज कृतीतून उचलून पहिला, फसलेला प्रयत्न म्हणून आव्हानाच्या घरात नेला. पहिल्या फेरीचे फलित दुसऱ्या फेरीचा पेच होते. असे सामान हलवायला भिऊ नये. मात्र तारीख सोबत न्यावी, नाहीतर वाचणारा काळाच्या हिशेबात चुकतो.

आता फलित. येथे मला माझी एक जुनी फजिती सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या धुळीच्या प्रश्नावर मी अहवाल लिहिला होता. सभा किती, सह्या किती, शिष्टमंडळे किती, सगळे आकडे जाड अक्षरांत. एका वयस्क अधिकाऱ्याने तो शांतपणे वाचला आणि विचारले, “धूळ किती कमी झाली?” माझ्याकडे उत्तर नव्हते. धूळ आम्ही आधीही मोजली नव्हती, नंतरही नाही. त्या दिवशी कळले, की मी ठळक केलेले आकडे सगळे आमच्या कष्टांचे होते, कामगाराच्या फुप्फुसांचा त्यात एकही नव्हता. तो अहवाल बासनात गेला, आणि त्याबरोबर त्या लोकांचे आणखी एक वर्ष गेले.

हीच कसोटी पोराच्या मसुद्याला लावली. त्याने ठळक केले होते ५,५०० आणि १०,०००. दोन्ही कृतीचे आकडे. शिवाय पहिला सह्यांचा आहे, दुसरा गर्दीचा अंदाज. दोघांना एकाच तराजूत घालता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या आधी ‘सुमारे’ राहिलेच पाहिजे. आणि फलितात त्याने लिहिले होते, ‘कामगारांना वर्षाला ५२ सुट्ट्या मिळाल्या.’ मी विचारले, आधी सणावाराला गिरणी बंद राहत होती ना? यंत्रे साफ करायला अधूनमधून थांबत होती ना? मग वाढ ५२ ची कशी होईल? आधीचे वजा केल्याशिवाय नंतरचे सांगू नये. वजा करायला भरवशाचा आकडा हाती नसेल तर बेरीजही टाकू नये. आम्ही ५२ खोडले.

शिल्लक काय राहिले? १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. अर्ज झाल्यापासून सहाव्या वर्षी. पाच मागण्यांपैकी मालकांकडून हाती आलेली एक. आम्ही हे तीनच आकडे ठळक केले: तारीख, सहावे वर्ष, आणि पाचांत एक. ५,५०० आणि १०,००० मजकुरात साध्या अक्षरांत राहिले. पोर कुरकुरले, “भाऊ, ‘पाचांत एक’ हे ठळक केले तर लोखंडे लहान दिसतील.” मी म्हटले, लहान दिसत नाहीत, खरे दिसतात, आणि आज ज्याच्या पाच मागण्या पडून आहेत त्याला हाच आकडा हवा असतो.

फलिताला दोन कुंपणेही घालावी लागली. पहिले काळाचे. १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आणली. हे वर्षभरातले, म्हणून आत घेतले. पण जखमींच्या भरपाईचा कायदा १९२३ साली आला, पगाराच्या मुदतीचा १९३६ साली. लोखंडे १८९७ साली वारले. ते कायदे त्यांच्या फलितात घालणे म्हणजे पुढच्या पिढ्यांची कमाई मागच्याच्या नावावर जमा करणे. दुसरे कुंपण कारणाचे. हिंदी गिरण्यांवर बंधने यावीत म्हणून लँकेशायरचे कापडमालकही विलायतेत त्या वेळी जोर लावीत होते, कारण स्वस्त मजुरीच्या आपल्या मालाशी त्यांची स्पर्धा होती. मुंबईच्या मालकांच्या मनावर सभेचे किती आणि या दडपणाचे किती वजन पडले, हे तोलून सांगता येत नाही. म्हणून आम्ही ‘सभेमुळे सुट्टी मिळाली’ हे वाक्य काढून ‘सभेनंतर सात आठवड्यांच्या आत सुट्टी मान्य झाली’ असे लिहिले, आणि लँकेशायरची ओळ परिस्थितीच्या घरात नेऊन ठेवली.

नऊ पानांचे दीड पान झाले. वेगळ्या कागदावर ठेवलेल्या पाच पानांतून त्याने नंतर लोखंड्यांचे एक छोटे चरित्र लिहिले, ते बरे उतरले. दीड पानाचा मसुदा वर्गात वाचला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईने विचारले, त्या दोघी सभेत बोलल्या, ती ओळ कोणत्या घरात? मी म्हटले, कृतीत. ती म्हणाली, “मग ‘दोन’ हा आकडा ठळक का नाही? दहा हजारांसमोर बाईने उभे राहणे हे काय फलित नव्हे?” मी माझ्या नियमाचा दाखला दिला, तिला तो पटला नाही. पोराने मात्र माझ्याकडे न बघता पेन्सिल काढली आणि ‘दोन’ च्या खाली रेघ ओढली. आमच्या वर्गाच्या प्रतीत ती रेघ अजून आहे.