अवघड जागेचे दुखणे : माकडहाडावरील केसाचे गळू

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला कदाचित हेच दुखणे झाले असावे. दोन्ही नितंबांमधील घळ वरच्या बाजूस जेथे सुरू होते, तेथे, माकडहाडाच्या जागी, तरुण माणसास एकाएकी ठणकणारी गाठ येते. खुर्चीवर टेकता येत नाही, उताणे निजता येत नाही. सांगावयाचे कोणाला आणि दाखवावयाचे कसे, या संकोचात तीन-चार दिवस निघून जातात. मग गाठ फुटते, रक्तमिश्रित पू वाहून जातो, ठणका थांबतो आणि रोगी निर्धास्त होतो. खरा घोटाळा येथूनच सुरू होतो. कारण गळू फुटले तरी ते ज्यामुळे झाले ती वस्तू बहुधा आतच राहिलेली असते.

ती वस्तू म्हणजे केस. या विकाराचे ‘पायलोनायडल’ हे वैद्यकीय नाव केस आणि घरटे या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांपासून बनले असून, हॉजेस या अमेरिकन शल्यचिकित्सकाने ते १८८० मध्ये रूढ केले. मात्र हे घरटे जन्मतःच असते, की केस बाहेरून आत शिरतात, याविषयी पुढे दीर्घकाळ वाद होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सुमारे ८०,००० जवानांना या विकारासाठी रुग्णालयात राहावे लागले. खडबडीत वाटांवर जीपगाडीत तासन् तास आदळत बसणाऱ्यांत तो फार दिसे, म्हणून त्यास ‘जीपचा आजार’ असेच म्हणू लागले. तो जन्मजात असल्याच्या समजुतीने त्या काळी हाडापर्यंत मांस काढून टाकण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया होत आणि जखमा महिनोन्महिने भरत नसत.

या वादाला वळण दिले ते एका न्हाव्याच्या हाताने. पेटी आणि स्कार्फ या इंग्लंडमधील दोन वैद्यकतज्ज्ञांनी न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात अगदी असाच व्रण असल्याचे नोंदविले. त्यातील केस त्याचे स्वतःचे नव्हते, गिऱ्हाइकांचे होते. बेचक्यात केसांची मुळेच नसल्याने ते बाहेरूनच शिरले असले पाहिजेत, हे उघड होते.

केस त्वचेत शिरतो कसा, हे समजणे कठीण नाही. केसावर सूक्ष्म खवले असतात. गव्हाची ओंबी सदऱ्याच्या बाहीत गेली की हात हलेल तसतशी ती एकाच दिशेने वर चढते, त्याप्रमाणे गळून पडलेला केस घर्षणाने पुढेच सरकतो. खवल्यांमुळे मागे फिरत नाही. पाठीवरून, डोक्यावरून गळालेले केस घळीत साठतात. बराच वेळ बसल्याने तेथील त्वचा ताणली जाते, घामाने मऊ पडते, आणि नेमक्या मध्यरेषेवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. त्यांतून केस आत जातो. शरीराला तो परका वाटतो. त्याभोवती पोकळी तयार होते आणि तिच्यात जंतू वाढले की गळू होते. वयात येण्यापूर्वी हा विकार क्वचितच होतो आणि चाळिशीनंतर नव्याने फारसा उद्भवत नाही. स्त्रियांनाही तो होतो. परंतु पुरुषांत त्याचे प्रमाण तीन-चार पटींनी अधिक आहे. दाट राठ केस, स्थूलता आणि बैठे काम यांची जोड असल्यास धोका वाढतो.

नेहमी आढळणारा क्रम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बावीस वर्षांचा एक तरुण स्पर्धा परीक्षेसाठी तालुक्याच्या अभ्यासिकेत रोज दहा-बारा तास बसतो. गाठ आली तेव्हा त्याने तिला केसतोड समजून दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी गळू फुटले. गोळ्यांनी गुण आला, असे त्याला वाटले. वस्तुतः पू निघाल्याने आराम पडला होता. पुवाच्या बंद पोकळीत औषध पुरेसे पोहोचत नाही. भोवतालची त्वचा दूरवर लाल झाली असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल तर प्रतिजैविके द्यावीच लागतात. अशा रोग्याने तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पण गोळ्या हा पू काढण्याचा पर्याय नव्हे. दोन महिन्यांनी त्याच्या कपड्यांवर दुर्गंधीयुक्त डाग पडू लागले आणि परीक्षेच्या तोंडावर गाठ पुन्हा आली.

कोणी तरी त्याला भगंदर झाल्याचे सांगितले. हा गैरसमज नेहमीचा आहे. भगंदराचे बाहेरचे तोंड बहुधा गुदद्वाराजवळ असते आणि त्याचा मार्ग आत गुदद्वाराशी जोडलेला असतो. येथे छिद्रे गुदद्वारापासून बरीच वर, साधारणतः चार-पाच बोटांच्या अंतरावर, मध्यरेषेत असतात. त्यांतून कधी केसाचे टोकही डोकावते. साधे केसतोड मध्यरेषा धरून येत नाही आणि बरे झाल्यावर त्याच जागी वारंवार उठत नाही. चांगल्या उजेडात घळ फाकवून पाहिली की निदान बहुधा तेथेच होते. पण त्यासाठी रोग्याने पालथे निजावयास हवे, आणि नेमके तेच टाळले जाते.

शल्यचिकित्सकाने या तरुणाची जागा बधिर करून, मध्यरेषा टाळून, किंचित बाजूला छेद घेतला. पू आणि केसांचा पुंजका काढला. बाजूला छेद घेण्यास कारण आहे. घळीच्या तळाशी हवा लागत नाही, ओल राहते आणि प्रत्येक हालचालीबरोबर दोन्ही बाजूंनी ओढ बसते. तेथील जखम भरता भरत नाही. तीन-चार आठवडे रोज मलमपट्टी केल्यावर त्याची जखम भरली. एवढ्यानेच अनेक जण बरे होतात; मात्र जवळजवळ निम्म्यांना पुढे पुन्हा त्रास होतो. या तरुणाची मध्यरेषेवरील छिद्रे कायम होती व स्राव थांबला नव्हता, म्हणून सूज पूर्ण ओसरल्यावर कायमची शस्त्रक्रिया ठरली.

येथेही मध्यरेषेचाच प्रश्न येतो. रोगट भाग काढून जखम उघडी ठेवली तर ती भरण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मध्यरेषेतच टाके घातले तर ते उकलण्याची आणि विकार उलटण्याची भीती अधिक. ग्रीक सैन्यातील रोग्यांवर उपचार करणाऱ्या करिडाकिस या शल्यचिकित्सकाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत त्वचेचा पदर सरकवून टाके एका बाजूस घेतले जातात. घळ उथळ होते आणि केस साठण्यास जागा उरत नाही. लिंबर्ग पद्धतीत शेजारच्या त्वचेचा चौकोनी तुकडा फिरवून बसवितात. अशा शस्त्रक्रियांनंतर विकार उलटण्याचे प्रमाण बरेच कमी असते, शून्य मात्र नसते. छिद्रे थोडी असतील तर ती तेवढीच कोरून काढण्याची लहान शस्त्रक्रियाही पुरते. आणि ज्याला कधी पू वा वेदना झालीच नाही, त्याच्या छिद्रावर शस्त्रक्रिया करण्याचे कारण नाही.

वस्तऱ्याने ती जागा साफ ठेवावी, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. त्याने दीर्घकाळ लाभ होतो, असे ठामपणे दिसलेले नाही. कापलेल्या केसाचे टोक अधिक धारदार असते हेही लक्षात घ्यावे लागते. लेसर किरणांनी केस काढल्यास पुनरुद्भव कमी होतो, असे अलीकडील अनुभव सांगतात. खर्च मात्र परवडावयास हवा. धूम्रपानाने जखम भरण्यास विलंब लागतो.

पदर फिरविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे त्या जागेवर भार देऊन बसू नये, असे सांगितले जाते. कारकुनाच्या किंवा चालकाच्या रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘गळू’ एवढाच शब्द असतो, आणि एका गळवासाठी इतके दिवस कशाला, असा शेरा त्यावर पडतो. लाजेने तो अधिक काही लिहीत नाही. वर्गात बाकावर एका अंगावर कलून बसणारा, सारखा उभा राहू पाहणारा मोठा विद्यार्थीही हेच लपवीत असण्याचा संभव आहे. त्याला चारचौघांत कारण न विचारता, बाजूला घेऊन विचारले तर तो सांगतो.