चोवीस तासांच्या बाजारात वर्ष किती दिवसांचं?

क्रिप्टोमधली एखादी ट्रेडिंग स्ट्रॅटेजी लोकांपुढे मांडली जाते तेव्हा तिच्यासोबत एक आकडा हमखास येतो: शार्प रेशो 2.3, किंवा सॉर्टिनो 4. परीक्षेतल्या गुणांसारखा तो वाचला जातो आणि पैसे त्याच्या भरवशावर लावले जातात. भाव खरे असतात, सौदे खरे असतात, तरीही हा आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो. गफलत होते ती शेवटच्या पायरीवर, रोजचा किंवा तासाचा आकडा वर्षाचा करताना. जो बाजार शनिवार-रविवार बघत नाही, रात्र बघत नाही, तिथे ही पायरी शेअर बाजाराच्या सवयीने चढून चालत नाही.

शार्प रेशोची कल्पना सोपी आहे. विल्यम शार्प या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये म्युच्युअल फंडांची तुलना करताना ती मांडली. त्यांना 1990 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मिळालेल्या परताव्यातून बिनजोखमीचं व्याज वजा करायचं आणि उरलेल्या रकमेला परताव्यातल्या चढउतारांच्या मापाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागायचं. जोखमीच्या प्रत्येक मापामागे जास्तीचं किती कमावलं, ते यातून कळतं.

समजा, एका स्ट्रॅटेजीचा रोजचा सरासरी परतावा 0.10 टक्के आणि प्रमाण विचलन 2 टक्के आहे. व्याज तूर्त बाजूला ठेवू. रोजचा शार्प झाला 0.05. वर्षाला सरासरी 365 पट होते, कारण रोजची कमाई एकावर एक साचत जाते. चढउतार मात्र तेवढे वाढत नाहीत. एक दिवस वर, एक दिवस खाली असं होत ते एकमेकांना काही प्रमाणात खोडतात, म्हणून विचलन 365 च्या वर्गमूळाने, 19.1 पटच वाढतं. भागाकार केला की रोजच्या शार्पला 19.1 ने गुणायचं, एवढंच हाती राहतं. उत्तर 0.96.

हेच गणित शेअर बाजारातून आलेला माणूस 252 घेऊन करतो, कारण अमेरिकी शेअर बाजार वर्षाला साधारण तेवढे दिवस चालतो (आपला एनएसईही 250च्या आसपासच). त्याचं वर्गमूळ 15.9, म्हणून उत्तर येतं 0.79. पायथनमधल्या `empyrical` आणि `quantstats` या लायब्ररींमध्ये 252 हा आकडा आधीपासून भरलेला असतो; तो न बदलता क्रिप्टोचा डेटा ओतला की ही चूक आपोआप होते. इथे उत्तर खरं तर कमी येतं, म्हणून कुणी फारशी तक्रार करत नाही. पण दोन स्ट्रॅटेजींपैकी एकीचा आकडा 252 वर आणि दुसरीचा 365 वर काढलेला असेल, तर दुसरी विनाकारण वीस टक्क्यांनी सरस दिसते.

मग क्रिप्टो म्हटलं की 365, असा नियम करायचा का? तेही चुकेल. अमेरिकेत जानेवारी 2024 पासून बिटकॉइनचे स्पॉट ईटीएफ शेअर बाजारात मिळू लागले. ते सोमवार ते शुक्रवारच चालतात आणि शनिवार-रविवारची सगळी हालचाल सोमवारच्या भावात एकदम उतरते. तिथे 252 च बरोबर. कोणता आकडा घ्यायचा ते नाणं ठरवत नाही. तुमच्या हातातल्या तक्त्यात वर्षाला किती ओळी येतात, यावर ते ठरतं. तासातासाचा तक्ता असेल तर 8,760, आठ-आठ तासांचा असेल तर 1,095. सगळ्यात वाईट मिश्रण म्हणजे सातही दिवसांच्या डेटातून शनिवार-रविवारच्या ओळी उडवायच्या आणि वर 365 लावायचं. तेव्हा सुट्टीच्या दोन दिवसांचे झटके कुठेच मोजले जात नाहीत, आणि गुणाकार मात्र ते मोजल्यासारखा होतो.

याहून मोठी फुगवटी रिकाम्या दिवसांतून येते. पुष्कळ स्ट्रॅटेजी रोज बाजारात नसतात. संकेत मिळाला तर शिरतात, नाहीतर पैसे नुसते पडून असतात. समजा, वर्षात 120 दिवस सौदा चालू होता, त्या दिवसांचा सरासरी परतावा 0.30 टक्के आणि विचलन 2.5 टक्के. भागाकार 0.12. याला 19.1 ने गुणलं की शार्प 2.29 होतो, जाहिरातीत शोभेल असा. पण 19.1 ने गुणताना आपण असं गृहीत धरलं की अशी संधी वर्षात 365 दिवस मिळाली. मिळाली होती 120 दिवस. उरलेल्या 245 दिवसांसाठी तक्त्यात शून्य भरा आणि पुन्हा मोजा: सरासरी 0.099 टक्क्यांवर येते, विचलन 1.44 टक्क्यांवर, आणि वर्षाचा शार्प 1.31 वर. शून्य भरायची नसतील तर 0.12 ला 120 च्या वर्गमूळाने, म्हणजे 10.95 ने गुणा, तेही 1.31 च देईल. बॅकटेस्टचा तक्ता सौद्यांचा आहे की दिनदर्शिकेचा, हा प्रश्न म्हणूनच मी सगळ्यात आधी विचारतो.

आतापर्यंतच्या चुका मोजणीच्या होत्या. पुढची अधिक खोल आहे. वर्गमूळाचा नियम एका अटीवर उभा आहे: एका दिवसाच्या परताव्याचा दुसऱ्या दिवसाच्या परताव्याशी संबंध नसावा. तरच चढउतार एकमेकांना खोडतात. क्रिप्टोमध्ये ही अट उघडपणे मोडते ती फंडिंगच्या स्ट्रॅटेजीत.

पर्पेच्युअल फ्युचर्स म्हणजे मुदत न संपणारे करार. त्यांचा भाव मूळ नाण्याच्या भावाजवळ राहावा म्हणून खरेदीच्या बाजूने आणि विक्रीच्या बाजूने असलेल्यांमध्ये ठराविक वेळाने एक हप्ता दिला-घेतला जातो, त्याला फंडिंग म्हणतात. बायनान्सवर बहुतेक मोठ्या करारांसाठी तो दर आठ तासांनी असतो; आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ. बाजार तेजीत असला की हप्ता सहसा खरेदीदार देतात. म्हणून काही जण नाणं विकत घेतात, तेवढ्याच रकमेचा पर्पेच्युअल विकतात आणि भाव कुठेही जावो, हप्ते गोळा करत बसतात.

समजा, सरासरी हप्ता 0.01 टक्के आणि त्याचं विचलनही 0.01 टक्के. वर्षात 1,095 हप्ते, म्हणून परतावा सुमारे 10.95 टक्के. विचलन 1,095 च्या वर्गमूळाने, 33.1 ने गुणलं तर 0.33 टक्के. बिनजोखमीचं व्याज 5 टक्के धरून वजा केलं तरी शार्प येतो 18. इतका मोठा आकडा दिसला की गणित पुन्हा तपासलं पाहिजे. फंडिंगचे हप्ते चिकट असतात: आज चढे असतील तर उद्याही चढे, आणि एकदा आटले की कित्येक आठवडे आटलेले. लागोपाठच्या दोन हप्त्यांमधला सहसंबंध 0.8 असेल आणि तो पुढे क्रमाने विरत जात असेल, तर वर्षाचं खरं विचलन नियमाने काढलेल्याच्या तिप्पट होतं. म्हणजे 0.33 च्या जागी साधारण 1 टक्का, आणि 18 च्या जागी 6. अँड्र्यू लो यांनी 2002 मध्ये नेमकी हीच गोष्ट हेज फंडांच्या बाबतीत दाखवली होती. मासिक परतावे असे चिकट असल्यामुळे वर्षाचा शार्प 65 टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकतो, असं त्यांना आढळलं.

उरलेल्या 6 वरही माझा विश्वास नाही, कारण या स्ट्रॅटेजीची मुख्य जोखीम त्या तक्त्यात नाहीच. एफटीएक्स हे एक्स्चेंज नोव्हेंबर 2022 मध्ये बुडालं, तेव्हा तिथे हप्ते गोळा करणाऱ्यांच्या आदल्या आठवड्यापर्यंतच्या ओळींमध्ये त्याची काही खूण नव्हती. प्रमाण विचलन घडून गेलेलंच मोजतं.

चिकटपणा ओळखायला मोठं संख्याशास्त्र लागत नाही. त्याच परताव्यांचा शार्प तीनदा काढा: तासाच्या ओळींवरून, दिवसाच्या आणि आठवड्याच्या, प्रत्येक वेळी 8,760, 365 आणि 52 चं योग्य ते वर्गमूळ लावून. परतावे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर तिन्ही उत्तरं जवळजवळ येतील. तासाचा आकडा मोठा आणि आठवड्याचा बराच लहान आला, तर चिकटपणा आहे आणि आठवड्याचाच आकडा धरावा. कधी उलटही होतं: कमी उलाढालीच्या नाण्यांत शेवटचा सौदा कधी खरेदीच्या, कधी विक्रीच्या भावाला होतो, त्या उड्यांमुळे तासाचं विचलन उगाच मोठं दिसतं आणि तासाचा शार्प छोटा येतो.

सॉर्टिनो रेशो शार्पच्याच घरातला. फ्रँक सॉर्टिनो यांचं म्हणणं असं की वरच्या उसळीला जोखीम का म्हणायचं? म्हणून यात एक लक्ष्य ठरवतात आणि त्याखाली पडलेल्या परताव्यांचीच तूट मोजतात. क्रिप्टोत नफ्याच्या बाजूला अचानक मोठ्या उड्या येतात, तेव्हा हे माप खरोखर उपयोगी आहे. पण त्याचा भाजक अनेक जण चुकवतात.

दहा दिवसांचे परतावे घ्या, टक्क्यांत: 2, 1, −1, 3, −1, 1, 2, −1, 1, −1. सरासरी 0.6. लक्ष्य शून्य ठेवू. तोट्याचे चार दिवस, प्रत्येकी एक टक्का. वर्गांची बेरीज 4. तिला सगळ्या दहा दिवसांनी भागायचं, 0.4, आणि वर्गमूळ घ्यायचं, 0.63. रोजचा सॉर्टिनो 0.95. आता रूढ चूक बघा: नफ्याचे दिवस काढून टाकायचे आणि उरलेल्या चार तोट्यांचं प्रमाण विचलन काढायचं. चारही तोटे सारखेच असल्यामुळे विचलन शून्य, आणि सॉर्टिनो अनंत! हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. जिथे एक टक्क्यावर स्टॉप लॉस लावलेला असतो, तिथे तोटे असेच एकसारखे असतात. तोटा किती मोठा, हे मोजायचं सोडून तोटे एकमेकांपेक्षा किती वेगळे, हे मोजलं गेलं. लक्ष्य शून्याऐवजी वर्षाला 6 टक्के ठेवलं, तर रोजच्या तक्त्यात ते 6 भागिले 365, म्हणजे 0.016 टक्के होऊन आलं पाहिजे. वर्गमूळाची अट सॉर्टिनोलाही लागू आहे, उलट जास्तच, कारण पडझडीचे दिवस पाठोपाठ येतात.

सगळी मोजणी बरोबर केली, 1.31 हे उत्तर प्रामाणिकपणे आलं, तरी ते किती पक्कं? वार्षिक शार्पमधली प्रमाण त्रुटी ढोबळमानाने 1 भागिले वर्षांच्या संख्येचं वर्गमूळ एवढी असते. एका वर्षाच्या डेटावर ती जवळपास 1. म्हणजे 1.31 च्या मागे खरा आकडा शून्याखालीही असू शकतो आणि 3 च्या वरही. तासाच्या 8,760 ओळी घेतल्याने यात सुधारणा होत नाही. ओळी वाढल्याने चढउताराचा अंदाज नेमका होतो, पण सरासरी किती पक्की हे वर्षांच्या लांबीवरच ठरतं. त्रुटी निम्मी करायला चार वर्षं लागतात, एक तृतीयांश करायला नऊ. बिटमेक्सने बिटकॉइनचा पर्पेच्युअल 2016 मध्ये आणला. त्याआधीचा डेटा मिळणारच नाही, आणि रोज नव्याने येणाऱ्या नाण्यांचा तर काही महिन्यांचाच असतो.