घरखर्चाची वही आता मोबाईलवर
उसाचे बिल वर्षातून एकदा, घरखर्च दर महिन्याला : दोन्हींचा मेळ घालणारे ॲप



घरखर्चाचा हिशेब ठेवण्याचे एक ॲप आम्ही या महिन्यापासून सर्वांना खुले करीत आहोत. त्याचे नाव 'घरखर्च वही' असे साधेच ठेवले आहे. ते काय करते आणि काय करीत नाही, हे दोन्ही या लेखात सांगावे, म्हणजे ते घ्यायचे की नाही हे आपल्याला ठरवता येईल, असा आमचा हेतू आहे.

मोबाईलवर खर्च लिहिण्याची ॲप पुष्कळ आहेत. पण त्यांतली बहुतेक महिन्याच्या पगारदाराला धरून केलेली दिसतात. एक तारखेला पगार जमा, तीस तारखेपर्यंत खर्च, उरले ते शिल्लक. आपल्या घरात तसे नसते. ऊस कारखान्यावर पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत अशी तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण आलेला पैसा पुरवायचा असतो वर्षभर. पगारदाराचे ॲप अशा घराला जानेवारीत 'दीड लाख शिल्लक' दाखवते आणि फेब्रुवारीपासून दर महिन्याला 'तोटा'. दोन्ही आकडे बरोबर असले तरी घर चालवायला त्यांचा उपयोग नाही. म्हणून आम्ही सुरुवातच बिलापासून केली.

बिल महिन्यांवर कसे पसरते

एक घर धरून चालू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, आपण आपले घालावेत. दोन एकर ऊस, एकरी ४० टन, म्हणजे ८० टन. टनाला ३,००० रुपये धरले तर बिल झाले २,४०,००० रुपये. त्यातून सोसायटीची वसुली १,१०,००० गेली. राहिले १,३०,०००. पुढच्या पिकाची खते, पाणीपट्टी आणि मजुरी यांसाठी ४०,००० बाजूला काढले. घरासाठी उरले ९०,०००.

आता ॲप विचारते, "हा पैसा किती महिने पुरवायचा?" सहज उत्तर येते, बारा. आम्ही म्हणतो, पंधरा घाला. यंदा जानेवारीत तोड मिळाली म्हणून पुढच्या वर्षी जानेवारीतच मिळेल असे नाही. हंगाम उशिरा सुरू झाला, टोळी आली नाही किंवा नंबर मागे पडला, तर फेब्रुवारी-मार्च उजाडतो. बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला ७,५०० येतात, पंधरावर वाटले तर ६,०००. हे ६,००० आणि दुधाच्या बिलातून पेंड-चारा वजा जाता उरणारे ५,००० धरले, तर या घराला महिन्याला ११,००० रुपये मिळतात.

त्यातूनही वर्षाकाठचे खर्च आधी बाजूला काढावे लागतात. जूनमधली शाळेची फी ९,०००, दिवाळी ९,०००, गावची जत्रा ४,००० आणि विम्याचा हप्ता ८,००० मिळून ३०,००० होतात. महिन्याचा वाटा २,५००. तो गेल्यावर रोजच्या घरखर्चाला खरी रक्कम उरते ८,५०० रुपये. बिल आले त्या आठवड्यात ९०,००० वाटणारा पैसा प्रत्यक्षात एवढाच आहे, हे ॲप पहिल्याच दिवशी समोर ठेवते.

या घराचा महिन्याचा खर्च लिहून झाल्यावर १०,२०० निघाला असे धरू. म्हणजे महिन्याला १,७०० जास्त, वर्षाला २०,४००. गौरी-गणपतीच्या सुमाराला हातउसने घ्यावे लागतात ते बहुधा याच खड्ड्यातून. पण तेव्हा "यंदा सणालाच फार खर्च झाला" असे वाटते. खड्डा जानेवारीपासून महिन्या-महिन्याने पडत आलेला असतो आणि सणाला तो फक्त उघडा पडतो.

खर्चातली एक बाब मुद्दाम सांगतो. घरात चार फोन आहेत आणि प्रत्येकाला ३०० रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज आहे. महिन्याला १,२०० असे आपण धरतो. पण २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात १२ नव्हे, १३ होतात. वर्षाचे १५,६०० रुपये, म्हणजे महिन्याला १,३००. ॲपमध्ये खर्च घालताना 'दर महिन्याला' आणि 'दर २८ दिवसांनी' असे दोन वेगळे पर्याय याचसाठी आहेत.

आठवड्याचा मेळ

खर्च लिहायला सगळेच उत्साहाने सुरुवात करतात. मग दोन दिवस राहून जाते, आणि अर्धवट हिशेबावर भरवसा नको म्हणून वहीच बंद पडते. दुकानदाराचा रोजमेळ टिकतो, कारण तो रोज गल्ला मोजतो. ॲपमध्ये आम्ही तेच आणले आहे, फक्त रोजच्याऐवजी आठवड्याला. ठरल्या वारी ॲप विचारते, "घरात रोख किती आहे, मोजून सांगा." एवढेच करायचे.

समजा, गेल्या सोमवारी घरात ३,२०० रुपये रोख होते. मधल्या दिवसांत एटीएममधून २,००० काढले. रोखीचा लिहिलेला खर्च ३,४५०. म्हणजे आज १,७५० असायला हवेत. मोजले तर १,४२० निघाले. ३३० कमी. कारभारणीने विचारले, "तुम्ही कुठं काय दिलंसा का?" तेव्हा २०० चे पेट्रोल आठवले. पोराला वह्यांसाठी १०० दिलेले आठवले. ३० काही केल्या लागेनात. ते ॲप 'न लागलेले' या नावाखाली टाकते आणि हिशेब पुढे चालू होतो. तीस रुपयांसाठी रात्र जागायचे कारण नाही.

न लागलेली रक्कम आठवड्यागणिक कमी होत गेली, तर हिशेब वळणावर येतो आहे असे समजावे. तीन-चार आठवडे ती मोठीच राहिली, तर घरातले कोणी तरी खर्च सांगत नाही, किंवा रोज जाणारी एखादी लहान रक्कम सुटते आहे. उलट, मोजलेली रोख जास्त भरली तर आनंद मानू नये. एखादी जमा लिहायची राहिली आहे, किंवा एकच खर्च दोनदा पडला आहे.

एकच खर्च दोनदा कसा पडतो

हे दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण एटीएम. बँकेतून २,००० काढले की ते 'खर्च' म्हणून लिहिले जातात, आणि त्याच पैशातून किराणा आणला की तोही लिहिला जातो. खरे तर पैसे काढणे हा खर्च नव्हे. पैसा बँकेतून घरातल्या डब्यात आला, एवढेच. यासाठी 'जागाबदल' असे वेगळे बटण आहे. मालकाच्या फोनवरून मालकिणीच्या खात्यावर पाठवलेले पैसेही त्यातच घालावेत.

दुसरे ठिकाण उधारी. दुकानातून पाच तारखेला २,८०० चा किराणा खात्यावर आणला आणि दुधाचे बिल आल्यावर फेडला. दोन्ही दिवशी 'खर्च' लिहिला तर ५,६०० दिसतात. माल घरात आला तो दिवस खर्चाचा. त्या दिवशी 'उधार' अशी खूण करून लिहावे आणि पैसे देताना 'उधारी फेड' दाबावे. दुकानदाराचे किती देणे आहे, हेही त्यामुळे एका जागी दिसते.

हे ॲप काय करीत नाही

ते आपले मेसेज वाचत नाही. बँकेचे मेसेज वाचून आपोआप खर्च लिहिणारी ॲप आहेत आणि त्यांत लिहिण्याचे कष्ट कमी पडतात, हे खरे. पण रोखीने घेतलेल्या भाजीचा मेसेज येत नाही, आणि एटीएमचा मेसेज खर्चात धरला गेला की वर सांगितलेली दुबार नोंद होते. शिवाय त्यासाठी घरचे सगळे मेसेज उघडे करावे लागतात. आम्ही मेसेज, फोनमधले नंबर किंवा ठिकाण यांपैकी कशाचीही परवानगी मागत नाही. खात्री करायची असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्या पाहाव्यात. फोनचे नेट बंद ठेवूनही वही चालते.

सगळी नोंद आपल्याच फोनमध्ये राहते, आमच्याकडे येत नाही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फोन हरवला किंवा विहिरीत पडला तर नोंद गेली, आम्हाला ती परत देता येणार नाही. म्हणून मेळ झाला की ॲप 'नक्कल ठेवा' असे सुचवते. ती फाईल मेमरी कार्डवर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर ठेवावी. कुलपाचा आकडा विसरला तर तोही आमच्याकडून मिळणार नाही.

एक वही एकाच फोनवर चालते. नवरा-बायकोच्या दोन फोनवर एकच हिशेब चालवण्याची सोय आज नाही. आयफोनवर ते चालत नाही. उसाचे किंवा दुधाचे बिल आपोआप त्यात येत नाही, पावती पाहून आकडा आपणच घालायचा. पिकाचा नफा-तोटाही ते काढत नाही. खताची पोती आणि नांगरट यांचा हिशेब वेगळा ठेवावा, घरखर्चात मिसळू नये.

ॲप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि कर्ज देण्याचा धंदा नाही. नोंद आमच्या यंत्रावर साठत नसल्याने चालवायचा खर्च थोडा आहे. प्ले स्टोअरची नोंदणी फी २५ डॉलर, तीही एकदाच भरायची असते. पुढे कधी दाम लावावे लागले तर आधी कळवू, आणि आपली जुनी नोंद काढून घेण्याला कधीही पैसे पडणार नाहीत.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे ॲप पैसा वाचवत नाही. वर धरलेल्या घराला महिन्याला १,७०० कमी पडतात, एवढेच ते दाखवील. चार फोनांपैकी दोनांचा रिचार्ज स्वस्तातला घ्यायचा, जत्रेचा बेत आवरता घ्यायचा की एखादी म्हैस वाढवायची, हे त्या घरानेच बसून ठरवायचे आहे. फरक एवढाच, की हे बोलणे गणपतीत नव्हे तर जानेवारीत होईल, आणि तेव्हा हातात ९०,००० असतील.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्या महिन्यात कुठलीही काटकसर करू नये. जसा खर्च होतो तसाच होऊ द्यावा आणि लिहावा. पहिल्या महिन्याचा आकडा नेहमी थोडा कमीच निघतो, कारण सुटलेल्या नोंदी त्यात असतात. दुसऱ्या महिन्याचा आकडा धरून मग घरात विचार करावा. वापरताना काही अडले किंवा एखादा शब्द समजला नाही तर जरूर कळवावे.

कळावे.