उधारीची मर्यादा वाढवून मागताना

समजा, एका हार्डवेअर दुकानाला घाऊक व्यापाऱ्याकडून तीस दिवसांची, दोन लाखांपर्यंतची उधारी मिळते. पूर्वी महिन्याला दोन लाखांचा माल लागायचा. आता तीन लाखांचा, म्हणजे रोज साधारण दहा हजारांचा लागतो. मग विसाव्या दिवशीच मर्यादा संपते आणि माल अडतो. म्हणून मागणी तीन लाखांची करावी, मुदत मात्र तीसच दिवसांची ठेवावी. दोन्ही एकदम वाढवून मागितले, की पैशांची ओढाताण असल्याचा संशय येतो.

सोबत वर्षभराचा खातेउतारा द्यावा: बिलाची तारीख, पैसे दिल्याची तारीख. एखादे बिल लांबले असेल तर कारण आपणच सांगावे. ते व्यापाऱ्याच्या वहीत असतेच. खरेदी वाढली, पण माल गोदामातच पडून नाही ना, ही त्याची खरी धास्ती असते. त्यासाठी विक्रीचे जीएसटी विवरणपत्र दाखवावे.