दोन संगणक, एक जग

माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमध्ये एकट्याने खेळताना उभं केलेलं जग त्या एका संगणकाच्या डिस्कवरच राहतं. त्याच खात्याने दुसऱ्या संगणकावर शिरलं तर खेळ सुरू होतो, पण आपलं घर, शेत, खाण यांतलं तिथे काहीच नसतं. माझी मुलगी सुट्टीत लॅपटॉप घेऊन आजोळी गेली तेव्हा तिला हे कळलं आणि ती फार हिरमुसली. परत आल्यावर आम्ही दोन्ही यंत्रांवर सिंकथिंग बसवलं.

हे मोफत साधन ठरवून दिलेला एक फोल्डर दोन संगणकांवर सारखा ठेवतं. फाइली एका यंत्रातून थेट दुसऱ्यात जातात, मध्ये कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर प्रत साठत नाही. त्यामुळेच दोन्ही संगणक काही वेळ एकाच वेळी चालू असावे लागतात. विंडोजवर माइनक्राफ्टची जगं इथे असतात:

```
%APPDATA%\.minecraft\saves
```

ब्राउझरमध्ये `127.0.0.1:8384` उघडलं की सिंकथिंगचं पान दिसतं. दोन्ही यंत्रांनी एकमेकांचा ओळखक्रमांक स्वीकारायचा, मग पहिल्यावरून हा फोल्डर दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्या यंत्रावर तो स्वीकारताना सिंकथिंग स्वतःच एक वेगळी जागा सुचवतं. ती खोडून तिथला `saves` फोल्डरच द्यावा लागतो; नाहीतर जग येतं, पण खेळाला ते सापडत नाही. त्याआधी जुन्या जगांची प्रत बाजूला काढून ठेवावी.

खरी अडचण पुढे येते. माइनक्राफ्टचं जग म्हणजे एक फाइल नव्हे. जमीन 512 गुणिले 512 ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक तुकड्याची `r.0.0.mca` अशा नावाची वेगळी फाइल असते. खेळाडूच्या जवळच्या वस्तूंची नोंद आणखी वेगळ्या फाइलीत. या सगळ्या एकाच क्षणाच्या असल्या तरच जग सुसंगत राहतं. सिंकथिंगला मात्र जग कळत नाही, ते एकेक फाइल बघतं.

आमच्याकडे झालं ते असं. मुलीने डेस्कटॉपवर लांबच्या डोंगरात हिरे खणले, घरी आणून पेटीत ठेवले, खेळ बंद केला आणि लगेच संगणकही बंद केला. लॅपटॉपपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. संध्याकाळी लॅपटॉपवर तिने जुनंच जग उघडलं आणि घराभोवती कुंपण घातलं. रात्री दोन्ही यंत्रं एकत्र चालू झाली. डोंगराची फाइल फक्त डेस्कटॉपवर बदलली होती, म्हणून ती लॅपटॉपवर गेली. घराची फाइल दोन्हीकडे बदललेली होती. अशा वेळी सिंकथिंग नंतर बदललेली प्रत ठेवतं, म्हणजे लॅपटॉपची. परिणामी डोंगरातले हिरे खणलेले, पण पेटी रिकामी! मुलगी रडकुंडीला आली.

पण हरलेली प्रत सिंकथिंग पुसत नाही. तिच्या नावात `sync-conflict`, तारीख आणि वेळ घालून ती शेजारीच ठेवतं. फोल्डरमध्ये हा शब्द शोधला की टक्कर झाली का ते लगेच कळतं. दोन्हीकडे खेळ बंद करून सिंकथिंग थांबवलं आणि डेस्कटॉपच्या सगळ्या हरलेल्या फाइलींना मूळ नावं दिली. घराच्या जमिनीसोबत `entities` फोल्डरमधली जोडीची फाइल आणि खेळाडूची फाइलही बदलली, कारण एकच बदलली असती तर पुन्हा तीच विसंगती झाली असती. हिरे परत आले, कुंपण गेलं. दोन्ही राखणं शक्य नव्हतं, कारण एका तुकड्यातले दोन वेगळे बदल सिंकथिंग एकत्र करू शकत नाही.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. खेळातून बाहेर पडायचं, दोन्ही यंत्रांवर फोल्डरपुढे `Up to Date` दिसेपर्यंत थांबायचं, मगच पहिलं यंत्र बंद करायचं. नुकतंच साठवलेलं जग सिंकथिंगच्या लक्षात यायला साधारण दहा सेकंद जातात, म्हणून हे शब्द लगेच दिसले तरी थोडं थांबलेलं बरं. दोन्हीकडे खेळाची आवृत्तीही तीच हवी. नव्या आवृत्तीने बदललेलं जग जुनीत नीट उघडेल याचा भरवसा नसतो.

जग उघडं असल्याची खूण म्हणून खेळ `session.lock` ही फाइल वापरतो. ती पाठवायची गरज नसते. फोल्डरच्या दुर्लक्ष यादीत ही ओळ घालावी, आणि ती यादी दुसऱ्या यंत्रावर आपोआप जात नसल्याने दोन्हीकडे घालावी:

```
(?d)session.lock
```

सुरुवातीचा कंस यासाठी की एकीकडे जग पुसलं तर दुसरीकडे या फाइलीपायी रिकामा फोल्डर अडकून राहू नये.

पुसणंही दुसरीकडे पोचतं, म्हणून सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकथिंगमध्ये जुन्या प्रती ठेवायची सोय आहे, पण ती दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांपुरतीच. डेस्कटॉपवर चूक झाली तर जुनी प्रत लॅपटॉपवर शोधावी लागते. म्हणून दर रविवारी मुलगी जगांच्या यादीतल्या `Edit` मध्ये जाऊन बॅकअपचं बटण दाबते. अख्खं जग एका झिप फाइलीत, एकाच क्षणाचं, `saves` च्या बाहेर `backups` मध्ये जाऊन बसतं.